पावसाची नोंदवही

विद्यार्थिमित्रांनो, चार-पाच जणांनी मिळून एखादे काम तडीस नेले, म्हणजे शिक्षक त्या कामाविषयी अनुभवपर निबंध लिहावयास सांगतात. मुख्याध्यापक असताना असे निबंध मी शेकड्यांनी वाचले. खरे सांगावयाचे तर त्यांतील बहुतेक एकाच निबंधाच्या नकला वाटत. 'सर्वांनी एकदिलाने काम केले. आम्हांला पुष्कळ शिकावयास मिळाले. एकीचे बळ काय असते, ते आम्हांस कळले.' काम वृक्षलागवडीचे असो की हस्तलिखिताचे, निबंध तोच! कामाचे नाव खोडून दुसरे घातले, तरी पुढचा एक शब्द बदलावा लागत नसे.

एका मुलाचा निबंध मात्र माझ्या चांगला स्मरणात राहिला आहे. तो त्याने तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन वेळी तो का फसला आणि तिसऱ्या वेळी कसा साधला, हे तुम्हांला सांगावे, म्हणून हा पाठ लिहीत आहे. त्यातील मुलामुलींची नावे मी मुद्दाम गाळली आहेत.

गोष्ट 2011 च्या जुलै महिन्यातील. आमची शाळा कोकणात. सातवीच्या पाच मुलामुलींच्या एका गटाने महिनाभर पाऊस मोजण्याचे काम पत्करले होते. त्यांनी एक उभट, सरळ बाजूंची, तोंडापासून तळापर्यंत सारख्याच रुंदीची बरणी घेतली आणि ती शाळेच्या मोकळ्या पटांगणात, झाडे व भिंती यांपासून दूर, घट्ट बसवली. बरणीची रुंदी सर्वत्र सारखी असली, म्हणजे हिशेब सोपा होतो. आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी, तितके मिलिमीटर पाऊस पडला असे समजावे. आपल्या देशातील हवामान केंद्रांवर आदल्या चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात. मुलांनीही तीच वेळ ठरवली. मोजावे, आकडा नोंदवहीत लिहावा आणि बरणी रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवावी, असा नेम होता. वहीला एक काळे पेन सुतळीने बांधून ठेवले होते. प्रत्येकाने आपापले वार वाटून घेतले होते. आपल्या निबंधकाराकडे रविवार व बुधवार हे दोन वार होते. कारण त्याचे घर शाळेच्या कुंपणाला लागूनच होते.

15 ऑगस्टच्या प्रदर्शनात या गटाचा तक्ता लागला. एकतीस दिवसांचे निळे स्तंभ, खाली एकूण पाऊस 1,046 मिलिमीटर, आणि सर्वांत उंच स्तंभावर ठळक अक्षरांत लिहिलेले, 'सर्वाधिक पाऊस : 18 जुलै, 96 मिलिमीटर.' पाहुण्यांनी तक्त्याची वाखाणणी केली. त्यानंतर निबंध आले. त्या मुलाच्या पहिल्या निबंधात एक वाक्य असे होते : 'संपूर्ण महिन्यात आमच्या गटात एकदाही मतभेद झाला नाही.'

निबंध तपासताना मी त्या गटाची नोंदवही शेजारी घेऊन बसलो होतो. ही माझी जुनी सवय. कामाविषयीचा निबंध कामाच्या कागदांशी ताडून पाहिल्याविना तो खरा की नुसता गोड, हे कळत नाही. वहीत 19 व 20 जुलैच्या ओळी कोऱ्या होत्या. 21 तारखेसमोर '71, तीन दिवसांचा मिळून' असे लिहिले होते. आणि आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. सारी वही काळ्या शाईने लिहिलेली. केवळ 17 जुलै, रविवार, या ओळीतील 40 हा आकडा निळ्या शाईचा होता.

मी त्याला बोलावून घेतले. दोष देण्याचा माझा हेतू नव्हता, म्हणून एवढेच विचारले, "अरे, मतभेद झाला नाही, तर या दोन ओळी कोऱ्या का राहिल्या?" तो वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मी निबंध पुन्हा लिहून आणू का?"

दोन दिवसांनी त्याने दुसरा निबंध आणला. त्यातील मजकूर थोडक्यात असा होता : 'आमच्याकडून काही चुका झाल्या. एका दिवशी नोंद घ्यावयाची राहून गेली. गटात थोडे भांडण झाले व दोन दिवस काम बंद पडले. या सर्वाला मीच जबाबदार आहे. मी अत्यंत आळशी, खोटारडा व नालायक मुलगा आहे. माझ्यामुळे माझ्या चांगल्या मित्रांना त्रास झाला.'

मुलांनो, हा निबंध पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, असे तुम्हांला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण पुन्हा वाचा. नोंद 'राहून गेली', भांडण 'झाले', काम 'बंद पडले'. या तिन्ही वाक्यांत माणूस कोठे आहे? आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे. 'कप फुटला' असे म्हटले, की तो कोणी फोडला हे सांगावे लागत नाही. ही वाक्यरचना काही वाईट नव्हे. पाऊस पडला, दिवस मावळला, असे आपण म्हणतोच; तेथे करणारा कोणी सांगण्याजोगा नसतोच. परंतु ज्या कामाला कर्ता होता, त्या कामाचे वाक्य कर्त्यावाचून लिहिले, तर वाचणाऱ्याला घटना कळते आणि करणारा मात्र दडून राहतो. मी पहिला निबंध काढून दोन्हींतील सर्वनामे मोजावयास सांगितले. पहिल्या निबंधात 'मी बरणी आणली', 'मी तक्त्याला रंग दिला', असे 'मी' नऊ वेळा आले होते. चुकीचा विषय निघाला, तेव्हा मात्र 'आमच्याकडून' हा शब्द पुढे झाला होता. मोजता मोजता त्यालाच हसू आले.

"पण सर, शेवटी मी सगळा दोष माझ्यावर घेतलाच आहे ना?" तो म्हणाला.

"घेतला आहेस खरा. पण कशाचा? तू काय केलेस, ते मला अजूनही कळलेले नाही. नालायक या शब्दावरून मला वार कळत नाही, वेळ कळत नाही, आकडाही कळत नाही. आणि मंगळवार तर तुझा नव्हता. मग 19 तारखेची ओळ तू कशी कोरी ठेवलीस?"

यावर तो गप्प झाला. स्वतःला मोठमोठी दूषणे देणे हाही लपण्याचाच एक मार्ग असतो. वाचणाऱ्याला दया येते आणि तो पुढे काही विचारीत नाही. येथे मला गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग आठवला व मी तो त्याला सांगितला. पंधरा वर्षांचे असताना गांधीजींनी आपल्या भावाच्या हातातील सोन्याच्या कड्यातून सोन्याचा लहानसा तुकडा काढून विकला होता. भावाला सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते, ते फेडण्यासाठी. वडिलांपुढे बोलावयाचा धीर होईना, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तीत आपली चोरी कबूल केली, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. कर्ज भावाचे होते, ही गोष्ट आत्मकथेत सांगितली आहे. ती दडवलेली नाही आणि तिच्या आड गांधीजी स्वतःही दडलेले नाहीत.

मग मी त्याला पुढे काय लिहावे ते सांगितले नाही. फक्त लिहिण्यापूर्वी उत्तरे द्यावयाचे प्रश्न सांगितले. त्या दिवशी तू कोठे होतास? काय केलेस आणि काय बोललास? त्याचा परिणाम कामावर कोणता झाला, तो आकड्यांत दाखवता येईल काय? आणि दुसऱ्याविषयी जे लिहिशील, त्यातील तू डोळ्यांनी काय पाहिलेस व मनाने काय ताडलेस? हा शेवटचा प्रश्न त्याला तितकासा उमगला नाही, असे मला वाटले.

त्याने आठवड्याने आणलेला तिसरा निबंध मी येथे देतो. शुद्धलेखन तेवढे सुधारले आहे.

'रविवार, 17 जुलै रोजी पाऊस मोजण्याचा वार माझा होता. सकाळी साडेआठ वाजता मी जागा होतो, पण अंथरुणातून उठलो नाही. बाहेर मोठा पाऊस होता. थोड्या वेळाने जाऊ, असे मी मनाशी म्हटले. दुपारी भाऊ आला व आम्ही पत्ते खेळत बसलो. मी त्या दिवशी पटांगणात गेलोच नाही.

'सोमवारी साडेआठ वाजता आमच्या गटातील मुलीने पाणी मोजले. ते 96 मिलिमीटर भरले. मी साडेदहाला शाळेत आलो, तेव्हा वहीतील माझी ओळ कोरी दिसली. शनिवारचा आकडा 38 होता. तेवढाच रविवारी पडला असेल असे धरून मी माझ्या पेनाने 40 लिहिले. वहीचे पेन घेण्याचीही मला घाई झाली होती. कोणी पाहत नव्हते.

'मधल्या सुट्टीत तिने सर्वांसमोर विचारले, "सकाळी ही ओळ कोरी होती. आता हा आकडा कोठून आला?" मी म्हणालो की मी रविवारी मोजून घरी कागदावर लिहून ठेवले होते. ती म्हणाली, "मग बरणी रिकामी केलीस ना? कालपासून पावसाची एखाददुसरी सर आली असेल, तर एका रात्रीत 96 कसे भरतील?" मला उत्तर सुचले नाही. मी मोठ्याने म्हणालो, "तुलाच पट्टी वाचता येत नाही." खरे तर तिला पट्टी आमच्या सर्वांहून चांगली वाचता येते. तिला चारचौघांत मला खाली पाहावयास लावायचे होते, म्हणून मला राग आला.

'मंगळवारचा वार माझ्या मित्राचा होता. त्याने माझी बाजू घेतली व तो मोजावयास गेला नाही. तो का गेला नाही, हे त्याने सांगावे. बुधवार माझा होता. मी खिडकीतून बरणी पाहत होतो, पण तिने येऊन मला बोलवावे, असे मला वाटत होते. ती आली नाही व मीही गेलो नाही. गुरुवारी दुसऱ्या मुलीने तीन दिवसांचे पाणी एकत्र मोजले व तसे वहीत लिहिले.

'मंगळवार-बुधवारच्या कोऱ्या ओळींमुळे महिन्याची बेरीज चुकली नाही, कारण पाणी बरणीतच होते व ते गुरुवारी मोजले गेले. रोजचे आकडे मात्र कायमचे गेले. माझ्या आकड्याने बेरीज चुकली. रविवारचे पाणी सोमवारच्या 96 मध्ये आलेले होते. मी 40 आणखी मिळवले. म्हणून एकूण पाऊस 1,046 नसून 1,006 मिलिमीटर आहे. 18 जुलैला सर्वाधिक पाऊस पडला, असे आम्ही तक्त्यावर लिहिले, तेही खरे नाही. 96 हा दोन दिवसांचा पाऊस आहे. एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस 7 जुलैचा, 84 मिलिमीटर.

'तक्ता करताना तिने रविवारची जागा रिकामी सोडू या, असे पुन्हा सुचवले होते. मी म्हणालो, रिकामी जागा वाईट दिसते. बाकीचे काही बोलले नाहीत. प्रदर्शनात पाहुणे त्या उंच स्तंभाकडे बोट दाखवीत होते, तेव्हा ती बाजूला उभी होती. मी पाहुण्यांना माहिती सांगत होतो.

'बरणी मी आणली होती व तक्त्याचे रंगकामही मी केले, हे खरे आहे. महिनाभर एकही नोंद न चुकवणारी मात्र ती एकटीच होती.'

या निबंधात 'नालायक' हा शब्द नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. 'खोटारडा' हाही नाही. त्यांची गरजच उरली नाही. आपल्या चुकीबरोबर त्याने आपले चांगले कामही एका वाक्यात सांगितले आहे. तेही मला आवडले, कारण तेही घडलेलेच होते. मित्राविषयी त्याने केवळ घडलेली गोष्ट लिहिली आणि कारण सांगण्याचा हक्क मित्राकडेच ठेवला. असा निबंध लिहिताना दुसऱ्याच्या घरातील वा मनातील ज्या गोष्टींचा कामाशी संबंध नाही, त्या उघड्या करू नयेत; मुलांच्या हातून ते सहज घडते. येथे तसे झाले नव्हते.

मी निबंध वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, "सर, आधी तिला दाखवतो." हे मी त्याला सुचवले नव्हते.

तिने निबंध शांतपणे वाचला आणि एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. 'तिला चारचौघांत मला खाली पाहावयास लावायचे होते,' हे ते वाक्य. "हे तुला कोणी सांगितले?" ती म्हणाली. "मला भीती वाटत होती. 96 हा आकडा माझ्या हातचा होता. एवढा मोठा आकडा पाहून सर म्हणतील, हिने मोजताना चूक केली. मी एकटीच होते मोजताना, कोणी साक्षीला नव्हते. आणि तू तेच म्हणालास."

पाहा, एवढ्या काळजीने लिहिलेल्या निबंधातही एक बनावट नोंद शिल्लक होतीच! रविवारी बरणी न पाहता त्याने 40 लिहिले होते; येथे तिला न विचारता तिच्या मनातील हेतू लिहिला होता. माझा शेवटचा प्रश्न त्याला त्या क्षणी उमगला असावा. त्याने ते वाक्य खोडले व तेथे लिहिले : 'तिच्या मनात काय आहे, हे मी विचारले नाही. ती मला खाली पाहावयास लावते आहे, असे मी धरून चाललो. तिला आपला आकडा खोटा ठरण्याची भीती वाटत होती, असे तिने मला 29 ऑगस्टला सांगितले.'

निबंध वर्गात वाचला गेला. मंगळवारचा मित्र मान खाली घालून बसला होता; वाचन संपल्यावर तो उठून म्हणाला की मंगळवारी त्याला कंटाळा आला होता, बाजू घेणे हे निमित्त होते. वर्ग हसला, तोही हसला.

तक्ता फाडून नवा करावा, असे काही मुलांचे म्हणणे पडले. मी ते मान्य केले नाही. पाच जणांनी मिळून 17 व 18 तारखांच्या दोन स्तंभांवर एकच पांढरी पट्टी चिकटवली व तिच्यावर वहीच्या काळ्या पेनाने लिहिले, '17 व 18 जुलै मिळून : 96 मिलिमीटर.' खालची बेरीजही तशीच पट्टी लावून दुरुस्त केली. मी निवृत्त झालो, त्या दिवशी तो तक्ता विज्ञानाच्या खोलीत होता. पट्टीच्या कडेने जुन्या उंच स्तंभाचा निळा रंग थोडासा दिसत होता.

स्वाध्याय

1. कोऱ्या ओळींमुळे महिन्याची बेरीज चुकली नाही, पण 40 या आकड्यामुळे चुकली. असे का झाले, ते तुमच्या शब्दांत लिहा.

2. पुढील वाक्ये कर्ता घालून पुन्हा लिहा : (अ) खिडकीची काच फुटली. (आ) वही घरी राहिली. (इ) गटात भांडण झाले. कोणत्या वाक्याला कर्ता शोधताना तुम्हांला अडचण पडली?

3. तुम्ही इतरांबरोबर केलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा. ज्याच्याविषयी लिहिले असेल, त्याला त्या दाखवा आणि त्याने कोणत्या वाक्याखाली रेघ ओढली, ते पाहा.